‘अजून नक्की नाही’ हे उत्तर दरवेळी का फसतं, आणि आरएसव्हीपीला तारीख देऊन कसं कळवावं

आमंत्रणावर लिहिलेलं असतं, ‘१० तारखेपर्यंत कळवा’. तुमचं अजून ठरलेलं नसतं, म्हणून तुम्ही अगदी मनापासून लिहिता, ‘बघते, जमवायचा प्रयत्न करते. कळवतेच.’ आठवड्याभराने यजमानांचा मेसेज येतो, ‘काय ठरलं?’ तुम्ही पुन्हा तेच लिहिता. मग फोन येतो. फोनवरचा आवाज पहिल्या मेसेजइतका मोकळा नसतो. शेवटी तुम्ही जाता तेव्हा कळतं, की तुम्हाला धरलेलंच नव्हतं आणि ऐनवेळी कुठून तरी खुर्ची आणावी लागते आहे. किंवा जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की तुमच्यासाठी जागा राखून ठेवली होती.

हे एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. दर दोन-तीन आमंत्रणांमागे होत असेल, तर गडबड उत्तराच्या घडणीत आहे. मी दोन्ही बाजूंनी यातून गेले आहे. पाहुणी म्हणून अनेकदा, आणि ६० माणसांच्या एका समारंभाची यादी सांभाळणारी म्हणून एकदा. खरं कारण मला त्या यादीमुळे समजलं.

यजमानांच्या यादीत काय होतं

माझ्या यादीत तीन रकाने होते: नाव, किती जण, आणि हो की नाही. पहिल्या आठवड्यातच तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्हं जमायला लागली. सगळी मिळून ११ झाली. त्यातल्या आठ जणांनी ‘कळवतो’, ‘बघू’, ‘जमलं तर नक्की’ असं लिहिलं होतं. उरलेल्या तिघांनी तारीख दिली होती. एकीने लिहिलं होतं, ‘सोमवारी संध्याकाळी रजेचं कळेल, मंगळवारी सकाळी तुला सांगते.’ मी प्रश्नचिन्हापुढे ‘मंगळ’ एवढंच लिहिलं आणि मंगळवारपर्यंत ते नाव माझ्या डोक्यातून गेलं. बाकीच्या आठ नावांशी मात्र मी रोज झटत होते: आज विचारू का, विचारलं तर मागे लागल्यासारखं वाटेल का, नाही विचारलं तर राहून जाईल का.

म्हणजे अनिश्चित उत्तराचा त्रास त्याच्या अनिश्चितपणामुळे होत नाही. प्रत्येक यादीत काही माणसं अधांतरी असणार, हे यजमान धरूनच चालतात. त्रास होतो तो यामुळे की पुढचं पाऊल कोणी आणि कधी टाकायचं हे उत्तरात कुठेच नसतं, आणि मग ते आपोआप यजमानांच्या गळ्यात पडतं.

त्यात आपल्या बोलण्याच्या सवयींची भर पडते. ‘जमलं तर येतो’ हे वाक्य काही घरांत सौम्य नकार म्हणून ऐकलं जातं, काही घरांत पक्का होकार म्हणून. ‘बघतो’चंही तेच. समोरासमोर बोलताना चेहऱ्यावरून अर्थ लागतो, मेसेजमध्ये लागत नाही. माझ्या त्या आठांपैकी दोघांना मी ‘नाही’ धरलं होतं आणि ते आले. त्यांनी मला काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनातलं ‘जमलं तर’ आणि माझ्या कानातलं ‘जमलं तर’ ही दोन वेगळी वाक्यं होती.

आरएसव्हीपी ही मुळात फ्रेंच वाक्याची आद्याक्षरं आहेत, आणि त्या वाक्याचा अर्थ ‘कृपया उत्तर द्या’ एवढाच आहे. मागितलेलं आहे ते उत्तर. त्यामुळे ‘आज सांगता येत नाही, अमुक दिवशी सांगते’ हेही पूर्ण उत्तर ठरतं, फक्त त्यात तो ‘अमुक दिवस’ खरा हवा.

आधी दोन तारखा शोधा

उत्तर लिहायला घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर मांडा. पहिली, तुमचं अडलेलं कशावर आहे आणि ते कोणत्या दिवशी सुटेल. दुसरी, यजमानांनी दिलेली मुदत. सगळं पुढचं या दोन तारखांच्या क्रमावर ठरतं.

पहिली तारीख शोधताना स्वतःशी जरा कडक वागावं लागतं. ‘कामाचं नक्की नाही’ हे कारण झालं, पण त्याला तारीख नाही. ‘ड्यूटीचा तक्ता ७ तारखेला लागतो’ याला आहे. ‘आईची तब्येत बघून ठरवू’ याला तारीख नाही, ‘आईची तपासणी ५ला आहे, डॉक्टर प्रवासाचं तेव्हा सांगतील’ याला आहे. कारण खोदत गेलं की बहुतेक वेळा एखादी तारीख हाती लागते: तक्ता, तिकीट, रिपोर्ट, परीक्षेचं वेळापत्रक, कोणाचा तरी होकार. दुसऱ्याच्या होकारावर अडलेलं असेल तर त्या माणसाला आजच विचारा, की तू मला कधी सांगशील. हे न विचारताच आपण यजमानांना तारीख देतो, आणि ती हुकते.

आणि खोदूनही तारीख सापडली नाही, तर बऱ्याचदा खरी अडचण वेगळी असते. जावंसं वाटत नसतं, किंवा त्या दिवशी दुसरं काही ठरतंय का याची वाट पाहणं चाललेलं असतं. अशा वेळी दिलेली कोणतीही तारीख पोकळ असते, कारण त्या दिवशी नवीन काहीच कळणार नसतं. तिथे माझं मत स्पष्ट आहे: आजच ठरवा आणि आजच सांगा.

आता क्रम. तुमचं कोडं मुदतीच्या आधी सुटत असेल, तर सुटण्याच्या दिवशीची तारीख देऊ नका, दुसऱ्या दिवसाची द्या. तक्ता संध्याकाळी उशिरा लागतो, डॉक्टरांची वेळ पुढे जाते, निरोप यायला रात्र होते. एक दिवस हाताशी ठेवला की तुमचा शब्द दुसऱ्याच्या वेळापत्रकावर टांगलेला राहत नाही.

कोडं मुदतीनंतर सुटत असेल, तर तारीख ‘देता’ येत नाही, ती मागावी लागते. यजमानांनी ठेवलेली मुदत आणि त्यांना स्वतःला केटरर किंवा हॉलवाल्याला अंतिम आकडा द्यायचा दिवस, या दोहोंत बहुधा थोडं अंतर असतं, उशिरा कळवणाऱ्यांच्या मागे लागायला ठेवलेलं. पण ते अंतर त्यांचं आहे. ते गृहीत धरून ‘१३ला सांगते’ असं परस्पर ठरवून टाकू नका. विचारा: ‘मला १२च्या रात्री कळेल. १३च्या सकाळपर्यंत थांबणं तुला शक्य आहे का? नसेल तर मला नाही धर, अजिबात वाईट वाटणार नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसेल तर बिचाऱ्या यजमानाला ‘नाही, थांबता येणार नाही’ असं म्हणणं जड जातं.

एक प्रसंग, आकड्यांसकट

मैत्रिणीच्या घरचा समारंभ शनिवारी, २४ तारखेला. कळवायची मुदत शनिवार, १०. आमंत्रण मिळालं आधीच्या महिन्याच्या २५ला. आम्ही तिघं: मी, नवरा आणि मुलगी. माझी शनिवारची पाळी असते की नाही हे तक्त्यावर ठरतं, आणि त्या पंधरवड्याचा तक्ता बुधवारी, ७ला लागणार होता. नवरा मोकळा होता. मुलगी माझ्याशिवाय जायला तयार नव्हती.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे ‘आम्ही’ फोडला. आपण ‘आमचं नक्की नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा सगळ्यांचं अनिश्चित नसतं. इथे एक जण पक्का होता आणि दोघी अडलेल्या. यजमानाला तीन प्रश्नचिन्हांऐवजी एक होकार आणि दोन प्रश्नचिन्हं देता येत होती. २५लाच, आमंत्रण वाचल्यावर तासाभरात, मी लिहिलं:

‘आमंत्रण मिळालं, फार आनंद झाला. हे नक्की येणार आहेत, त्यांना धर. माझं आणि मुलीचं माझ्या शनिवारच्या पाळीवर आहे. तक्ता बुधवारी ७ला लागतो. गुरुवारी ८ तारखेला रात्री ९पर्यंत मी तुला हो किंवा नाही कळवते. तू आठवण करू नकोस, मीच मेसेज करेन. ८ला माझ्याकडून काही आलं नाही, तर आम्हा दोघींना नाही धर.’

यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या प्रसंगात काय बदलायचं ते कळेल.

कारण एकाच ओळीत आहे, आणि ते ‘का’ सांगण्यापेक्षा ‘कधी कळेल’ सांगण्यासाठी आहे. ऑफिसमध्ये कोण सुट्टीवर आहे, मागच्या वेळी काय झालं, हे यजमानांना उपयोगाचं नसतं. लांबलचक कारण वाचलं की उलट नकाराची तयारी चालली आहे असं वाटतं.

तारखेसोबत वार आहे. हे मी कधीच सोडत नाही. ‘पुढच्या गुरुवारी’ म्हणजे हा येणारा की त्याच्या पुढचा, यावर दोन माणसांचं एकमत होईलच असं नाही. ‘परवा’ तर रात्री लिहिला आणि दुसऱ्या सकाळी वाचला गेला की एक दिवस सरकतो. ‘दोन-चार दिवसांत’ हे शब्द लिहिणाऱ्याला चार वाटतात, वाचणाऱ्याला दोन. तारीख आणि वार दोन्ही लिहिले की आपली चूकही पकडली जाते: ‘शुक्रवार ८’ असं लिहिलं असतं, तर मैत्रिणीने लगेच विचारलं असतं की शुक्रवार की ८?

‘तू आठवण करू नकोस’ या वाक्याने काम कोणाकडे आहे ते ठरतं. आणि शेवटचं वाक्य, ‘काही आलं नाही तर नाही धर’, हा या सगळ्या रचनेचा कणा आहे. मेसेज राहिला, फोन बंद पडला, मी आजारी पडले, काहीही झालं तरी यजमानांच्या यादीत ८ तारखेच्या रात्री प्रश्नचिन्ह उरत नाही. पुष्कळांना हे वाक्य लिहायला कठीण जातं, कारण त्यात आपली जागा जाण्याची शक्यता असते. ती जायलाच हवी. नाहीतर ती जागा धरून ठेवण्याचा भार यजमानांवर राहतो.

मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘चालेल, ८.’ मी फोनमध्ये दोन आठवणी लावल्या. एक ७च्या संध्याकाळी, तक्ता बघण्याची. दुसरी ८ला रात्री ८ वाजता, मेसेज करण्याची. बहुतेक लोक फक्त दुसरी लावतात, आणि आठवण वाजते तेव्हा हातात माहितीच नसते.

दिलेली तारीख आली आणि अजूनही कळलेलं नाही

हेच झालं. ७ला तक्ता लागला नाही. ८च्या दुपारी विचारल्यावर कळलं की तो ९च्या दुपारपर्यंत लागेल.

इथे सर्वात मोठी चूक होते ती गप्प राहण्याची. ‘अजून सांगण्यासारखं काही नाही, तर काय मेसेज करायचा’ असं वाटतं. पण ८ला मेसेज करण्याचा शब्द दिला होता, उत्तर कळल्यावर मेसेज करण्याचा नव्हे. मी ८ला रात्री ८ वाजता, त्याच संवादात, आधीच्या मेसेजला उत्तर म्हणून लिहिलं: ‘तक्ता लांबला, उद्या शुक्रवारी ९ला दुपारी लागेल. उद्या संध्याकाळी ६पर्यंत थांबता येईल का? उद्याही नाही लागला तर दोघींना नाहीच धर, मी पुन्हा वेळ मागणार नाही.’

९ची संध्याकाळ अजून तिच्या मुदतीच्या आत होती, म्हणून विचारणं रास्त होतं. वाढीव वेळ एकदाच मागावी आणि मागतानाच ती शेवटची असल्याचं सांगावं, असं माझं मत आहे. दुसऱ्यांदा मागितली की आपण पुन्हा त्या ‘बघते, कळवते’वाल्या आठांत जाऊन बसतो, फक्त तारखा लावून.

९ला दुपारी तक्ता लागला. शनिवार मोकळा होता. मेसेज केला: ‘आम्ही दोघीही येतो. हे धरून एकूण तीन.’ एकूण आकडा मुद्दाम लिहिला. नुसतं ‘आम्हीही येतो’ लिहिलं असतं तर तिला जुना मेसेज शोधून बेरीज करावी लागली असती, आणि यादीतल्या चुका अशाच बेरजांमध्ये होतात.

फॉर्ममध्ये फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ असेल तर

ऑनलाइन फॉर्मला तुमच्या अडचणीसाठी जागा नसते. मग लोक ‘हो’ भरून ठेवतात, नंतर बदलू म्हणून. असं करू नका. आधी यजमानांना वेगळा मेसेज करा, तारीख द्या आणि लिहा की फॉर्म त्या दिवशी भरेन. तोवर फॉर्म रिकामाच राहू द्या.

गुगल फॉर्म असेल तर आणखी एक खाच आहे. भरलेलं उत्तर नंतर बदलायची सोय फॉर्म बनवणाऱ्याने चालू ठेवली असेल तरच मिळते. ती नसताना लोक दुसऱ्यांदा फॉर्म भरतात, आणि पहिली ओळ तशीच राहून दुसरी तिच्या खाली जोडली जाते. यजमानांच्या तक्त्यात तुमचं नाव दोनदा, एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’. झालंच असं, तर कोणती ओळ खरी ते त्यांना लगेच कळवा.

कॅलेंडरच्या आमंत्रणात `Maybe` किंवा `Tentative` असतं. ते दाबून काम झालं असं वाटतं, पण त्या उत्तरात ‘कधी सांगणार’ यासाठी वेगळी जागा नसते. पलीकडे फक्त एवढंच दिसतं की एक जण कदाचित येईल. उत्तराला टीप जोडता येत असेल तर त्यात तारीख लिहा, नसेल तर निरोप वेगळा पाठवा. आणि काही कॅलेंडरांत उत्तर नोंदवताना ते आयोजकाला न पाठवण्याचाही पर्याय असतो. तो चुकून निवडला गेला तर तुमच्या कॅलेंडरात नोंद दिसते आणि त्यांच्याकडे काहीच पोचलेलं नसतं. तुम्ही उत्तर दिलं आहे आणि तरीही ‘तुझं काही कळलं नाही’ असा मेसेज आला, तर आधी हे तपासा.

‘येणार नसाल तरच कळवा’ असं लिहिलं असेल तर

इथे सगळं उलटं होतं. गप्प राहणारा प्रत्येक जण येणार असं धरलं जातं. त्यामुळे ‘काही आलं नाही तर नाही धर’ हे वाक्य इथे तुम्ही स्पष्ट लिहून पाठवलं तरच लागू होतं. मनात ठेवलं तर तुम्ही होकारात मोजले गेलेले असता. अनिश्चित असाल तर अशा आमंत्रणाला उलट लवकर लिहायला हवं.

हे कुठे चालत नाही

जागा मोजक्या असतील, म्हणजे दहा-बारा माणसं एका टेबलाभोवती, किंवा तुमच्यानंतर बोलवायला कोणी थांबलेलं असेल, तिथे तारीख देणंही यजमानांना महाग पडतं. तुम्ही ८पर्यंत जागा अडवता आणि दुसऱ्याला ८ला बोलावणं ऐनवेळचं वाटतं. अशा ठिकाणी मी विचारते, ‘माझं ८ला कळेल. तोवर थांबणं अवघड असेल तर माझी जागा दुसऱ्याला दे.’ बहुतेकदा प्रामाणिक उत्तर मिळतं.

तुमच्यावर काही जबाबदारी असेल, बोलायचं असेल, गायचं असेल, कोणाला घेऊन यायचं असेल, तर ‘नक्की नाही’ हे पाहुण्याचं उत्तर पुरत नाही. तिथे मेसेज नको, फोन करा, आणि तुमच्या जागी दुसरं कोण करू शकेल ते नाव सोबत ठेवा.

आणि ‘नाही धर’ म्हटल्यावर मुदत उलटून गेली, मग अचानक तुम्ही मोकळे झालात, तर सरळ जाऊन उभं राहू नका. एकदा विचारा: ‘मला नाही धरलं असशील, बरोबरच आहे. आता मी मोकळी झाले आहे. जागा असेल तरच सांग, नसेल तर मी नंतर कधीतरी घरी भेटायला येते.’ उत्तर ‘नाही’ आलं तर दुसऱ्या दिवशी फोन करून घरी भेटायचा दिवस ठरवा, तारीख आणि वारासकट.